मर्जीची नोकरी, मुदतीचा व्हिसा

एप्रिल-मे उजाडला की पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर इथल्या अनेक घरांत अमेरिकेतून एक पीडीएफ येते. मुलीचे एमएस संपत आलेले असते, पहिली नोकरी हाती लागलेली असते आणि तीन-चार पानांचे ऑफर लेटर ‘बाबा, सही करायच्या आधी एकदा बघा ना’ म्हणत तिने घरी धाडलेले असते. बाबा चष्मा पुसून वाचायला बसतात. पगाराच्या आकड्याला डॉलरच्या भावाने गुणून होते. मग प्रोबेशन हा शब्द दिसतो आणि त्यांना हायसे वाटते, कारण हा काळ त्यांनी स्वतः काढलेला आहे. तीन महिने मान खाली घालून काम कर, मग कन्फर्म होशील, मग काळजी नाही, असा सल्ला फोनवरून जातो.

सल्ला मायेचा आहे, पण त्यातले ‘मग काळजी नाही’ अमेरिकेत लागू पडत नाही. ऑफर लेटरमधली अडचण अवघड शब्दांची नसते. अवघड शब्द दिसला की माणूस चारचौघांना विचारतो. ओळखीच्या शब्दावरून मात्र नजर घसरून पुढे जाते, आणि प्रोबेशन, नोटीस, बाँड हे सगळे शब्द आपल्या कचेऱ्यांत इतके मुरलेले आहेत की दुसऱ्या देशात त्यांचा अर्थ बदलत असेल अशी शंकाही येत नाही. या शब्दांचा अर्थ पत्रात लिहिलेला नसतो. काम ज्या देशात, ज्या राज्यात करायचे, तिथल्या कायद्यात तो असतो. म्हणून पत्र हाती आले की पगाराच्या आधी कामाचे ठिकाण कोणते आणि कोणत्या राज्याचा कायदा लागू होईल असे लिहिले आहे, हे दोन तपशील वाचावेत असे आमचे म्हणणे आहे.

एक नमुना घेऊ. मुलगी नाशिकची, शिक्षण बोस्टनला, नोकरीही बोस्टनलाच, म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्यात. पगार वर्षाला ९६,००० डॉलर. रुजू व्हायची तारीख २ जून. रुजू होताना १०,००० डॉलरचा साइन-ऑन बोनस. पहिले ९० दिवस प्रोबेशन. नोकरी ‘ॲट विल’. आणि सोबत बारा महिन्यांचा नॉन-कंपीट. पत्र काल्पनिक आहे, पण अशी पत्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यातले काहीच नवे वाटणार नाही.

सुरुवात ॲट विलपासून करावी लागते, कारण बाकीच्या शब्दांचा अर्थ त्याच्यामुळे बदलतो. पत्राच्या दुसऱ्या पानावर, बहुधा सुट्ट्या आणि विमा यांच्या खाली, एक परिच्छेद असतो. त्याचा मराठीत अर्थ असा: ही नोकरी ठरावीक मुदतीची नाही, कंपनी किंवा तुम्ही, कोणीही, केव्हाही, कारण सांगून वा न सांगता, पूर्वसूचना देऊन वा न देता ती संपवू शकता. ‘विल’ म्हणजे मर्जी. दोघांची मर्जी असेल तोवर नोकरी.

ही प्रथा कुठून आली ते पाहिले तर ती नीट कळते. जुन्या इंग्रजी कायद्यात मुदत ठरवली नसेल तर नोकरी वर्षाची धरत. आपल्याकडच्या सालगड्यासारखेच. पाडव्याला साल धरले की पुढच्या पाडव्यापर्यंत मालकाने त्याला सांभाळायचे आणि त्याने मालकाचे शेत. सुगीत राबवून घेऊन पेर नसलेल्या दिवसांत हाकलून द्यायचे नाही, आणि गड्यानेही ऐन हंगामात पाठ फिरवायची नाही, हा त्यामागचा व्यवहार इंग्लंडच्या खेड्यातही तोच होता. अमेरिकेत कारखाने आणि रेल्वे वाढल्यावर हे साल नकोसे झाले. १८७७ साली होरेस वुड या कायदेपंडिताने आपल्या ग्रंथात लिहिले की मुदत न ठरवलेली नोकरी मर्जीची समजावी. त्याने आधाराला दिलेल्या निवाड्यांतून तसे निघत नाही, अशी टीका पुढच्या अभ्यासकांनी केली, पण तोवर न्यायालयांनी नियम उचलून धरला होता. आज अमेरिकेच्या पन्नास राज्यांपैकी एकोणपन्नास राज्यांत मुळातला नियम हाच आहे. अपवाद माँटॅनाचा. तिथे १९८७ च्या कायद्याने चाचणीचा काळ संपल्यावर नोकरीवरून काढायला योग्य कारण लागते.

मर्जीला मर्यादा आहेत. वंश, रंग, धर्म, लिंग किंवा मूळ देश या कारणाने काढले तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाचा भंग होतो. पगार थकल्याची किंवा भेदभावाची तक्रार केली म्हणून काढले तर तो सूड ठरतो आणि तोही बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात १९५९ साली न्यायालयाने आणखी एक दार उघडले. सरकारी समितीपुढे खोटी साक्ष द्यायला नकार दिला म्हणून काढलेल्या माणसाच्या बाजूने निकाल देताना, सार्वजनिक हिताच्या आड येणारी मर्जी चालणार नाही असे ठरवले. पण या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. कंपनीला कारण द्यावे लागत नाही. बेकायदा कारण होते, हे दाखवायची जबाबदारी बहुतांशी काढलेल्या माणसावर येते. ‘कारण न सांगता काढले’ एवढ्यावर तक्रार उभी राहत नाही. सामूहिक कपातीत ६० दिवस आधी सूचना द्यायचा केंद्रीय कायदा १९८८ पासून आहे, मात्र तो साधारणपणे शंभर आणि त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना आणि मोठ्या कपातीलाच लागू होतो. एकट्या माणसाला काढताना त्याचा उपयोग नाही.

मर्जी दोन्ही बाजूंची आहे, हे मात्र आपल्याकडचे लोक विसरतात. पुण्या-बंगळूरच्या आयटी कंपन्यांत तीन महिन्यांच्या नोटिशीला सरावलेला तरुण तिथेही नोटीस पीरियड किती, रिलीव्हिंग लेटर कोण देणार, अशी चौकशी करतो. ॲट विल नोकरीत दोन आठवडे आधी सांगणे हा शिष्टाचार आहे, सक्ती नव्हे. शिष्टाचार पाळावा, कारण पुढच्या नोकरीला कोणीतरी याच लोकांना फोन करील. पण नोटीस पूर्ण केली नाही म्हणून पगार अडकवणे मॅसॅच्युसेट्समध्ये महागात पडते. तिथे कंपनीने काढले तर साठलेल्या सुट्ट्यांच्या पैशांसकट सगळा पगार त्याच दिवशी द्यावा लागतो, आणि उशीर झाला तर तिप्पट भरपाई मागता येते, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवले आहे.

आता प्रोबेशनकडे येऊ. भारतात प्रोबेशन हा उंबरठा आहे. अलीकडे असताना साध्या नोटिशीवर घरी पाठवता येते. पलीकडे गेलो की कन्फर्मेशनचे पत्र येते, पेढे वाटले जातात, नोटिशीची मुदत वाढते. अमेरिकेतल्या आपल्या नमुन्यात ९० दिवस संपल्यावर काय होते? नोकरीच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने काहीच नाही. नव्वदाव्या दिवशी ज्या मर्जीवर काढता येत होते, त्याच मर्जीवर एक्क्याण्णवाव्या दिवशी काढता येते. कन्फर्मेशनचे पत्र येत नाही, त्याची वाट पाहू नये, आणि आले नाही म्हणून घाबरूही नये.

मग तो शब्द पत्रात असतो कशाला? बहुधा सोयीसवलतींसाठी. आरोग्य विमा, रजा, कंपनीच्या निवृत्ती योजनेतली भर या गोष्टी अनेकदा या काळानंतर सुरू होतात. आरोग्य विमा देऊ केलेला असेल तर त्याची प्रतीक्षा ९० दिवसांपेक्षा लांबवता येत नाही, असा केंद्रीय नियम आहे. नव्वदचा आकडा इतक्या पत्रांत दिसतो त्यामागे हेही एक कारण असावे. म्हणून विचारायचा प्रश्न ‘मी कन्फर्म कधी होणार’ हा नाही. ‘माझा आरोग्य विमा कोणत्या तारखेला सुरू होतो’ हा आहे. विद्यापीठाचा विमा कधी संपतो ते त्याच्याशेजारी मांडून पाहावे. मधले दिवस उघडे राहत असतील तर तेवढ्यापुरता विमा स्वतः घ्यावा लागतो. अमेरिकेत हात मोडला तर साधा एक्स-रे काढतानाही हे आठवते.

कंपन्यांचे वकील हल्ली प्रोबेशनऐवजी ‘इंट्रोडक्टरी पीरियड’ असे लिहायला सांगतात. प्रोबेशन म्हटले की ते संपल्यावर नोकरी पक्की झाली असा समज होतो आणि उद्या कोणी न्यायालयात तसा दावा करील, ही त्यांना भीती असते. म्हणजे आपल्या बाबांची जी समजूत आहे, तीच होऊ नये म्हणून तिकडे शब्द बदलला जातो.

हाच शब्द जर्मनीत गेला की पुन्हा उंबरठा होतो. तिथे चाचणीचा काळ जास्तीत जास्त सहा महिने, त्यात दोन आठवड्यांच्या सूचनेवर निरोप देता येतो, आणि सहा महिने झाल्यावर, दहापेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी, काढायला कायद्यात बसणारे कारण लागते. तिथे बाबांचा सल्ला बराचसा बरोबर ठरेल. दुबई-अबू धाबीला जाणाऱ्यांना, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातून तिकडे जाणारे थोडके नाहीत, आणखी वेगळा अर्थ भेटतो. संयुक्त अरब अमिरातींच्या २०२१ च्या कामगार कायद्यात प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्या काळात काढायचे तर कंपनीने १४ दिवस आधी लेखी कळवायचे. नोकराला मात्र, तिथल्याच दुसऱ्या कंपनीत जायचे असेल तर, महिनाभर आधी सांगावे लागते, आणि भरतीचा खर्च नव्या मालकाकडून जुन्याला मिळू शकतो. एकच इंग्रजी शब्द, तीन देश, तीन अर्थ.

बोस्टनच्या पत्राकडे परत येऊ, कारण मर्जीच्या नोकरीची खरी धार परदेशी माणसाला तिथे लागते. नोकरी मर्जीची असली तरी व्हिसा मुदतीचा असतो. आपली मुलगी विद्यार्थी व्हिसावरच्या ओपीटी या सवलतीवर काम करणार आहे. या सवलतीत एकूण ९० दिवस बेकार राहता येते. हे दिवस सलग मोजले जात नाहीत. जेव्हा जेव्हा नोकरी नसेल तेव्हाचे सगळे एकत्र धरतात, आणि मोजणी ओपीटी सुरू झाल्याच्या तारखेपासून होते. समजा, तिच्या कार्डावर ओपीटीची सुरुवात १५ एप्रिल आहे. एप्रिलचे १६ दिवस, मेचे ३१, आणि १ जूनचा एक, असे ४८ दिवस रुजू होण्याआधीच खर्ची पडले. राहिले ४२. आता सप्टेंबरमध्ये, प्रोबेशन उत्तम पार पडल्यावर, कंपनीने एखाद्या शुक्रवारी दुपारी बोलावून निरोप दिला, तर तिच्याकडे नवी नोकरी शोधायला ४२ दिवस आहेत. तेवढ्यात तिथले दोन-तीन मुलाखतींचे फेरे जेमतेम होतात. पुढे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीसाठीची दोन वर्षांची वाढ मिळाली तर त्यात ६० दिवसांची भर पडून एकूण १५० होतात, पण पहिल्या वर्षात ते हाताशी नसतात.

पुढे एच-वन-बी मिळाला की हिशेब बदलतो. नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते, आणि व्हिसाची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढीही नाही. जानेवारी २०१७ पासून हा नियम लागू आहे. एच-वन-बीच्या मुदतीच्या आत कंपनीने काढले तर मायदेशी परतण्याचा रास्त प्रवासखर्च तिने द्यायचा असतो, ॲट विल असले तरीही. स्वतः राजीनामा दिला तर हा खर्च मिळत नाही. म्हणूनच ‘तू आपणहून राजीनामा दे, रेकॉर्ड स्वच्छ राहील’ अशी गोड सूचना आली तर लगेच मान डोलावू नये. राज्याच्या बेकारी भत्त्यासारख्या बाबतीतही काढले गेलो की सोडली, यावर बरेच अवलंबून असते.

याचा अर्थ पत्रातला ॲट विलचा परिच्छेद काढून टाकायला सांगावा असा नव्हे. पहिल्या नोकरीला कोणतीही कंपनी तो काढणार नाही. पण त्याच्या शेजारची कलमे त्याच्या उजेडात वाचता येतात, आणि त्यांतले पहिले म्हणजे बोनसचे. १०,००० डॉलरचा बोनस बारा महिन्यांच्या आत नोकरी संपल्यास परत करावा लागेल, असे त्यात असते. इथे दोन तपशील बोट ठेवून वाचावेत. नोकरी ‘कोणत्याही कारणाने’ संपली तर परत करायचा, की तुम्ही स्वतः सोडली किंवा गैरवर्तनामुळे काढले तरच? पहिली शब्दरचना असेल तर कंपनी स्वतःच्या मर्जीने तुम्हाला काढील आणि वर बोनसही मागेल. हा बदल मागितला तर तो अनेकदा मिळतो, कारण मागणी उघडच रास्त आहे. दुसरा तपशील कराचा. बोनसमधून केंद्रीय करापोटी सहसा २२ टक्के आणि मॅसॅच्युसेट्सचा ५ टक्के कर कापला जातो, म्हणजे हातात साधारण ७,३०० डॉलर येतात. कलमात ‘ग्रॉस’ रक्कम परत करायची असे असेल तर न मिळालेले २,७०० डॉलरही खिशातून भरायचे आणि मग कर खात्याशी हिशेब करत बसायचे. ‘नेट’ एवढा एक शब्द बदलून घेता आला तर हे टळते. जितके महिने काम केले तितका भाग वजा, असेही लिहून घ्यावे.

राहिला नॉन-कंपीट. नोकरी सोडल्यावर ठरावीक काळ प्रतिस्पर्धी कंपनीत जायचे नाही, हा तो करार. या बाबतीत भारतीय माणसाची समजूत उलट्या बाजूने चुकते. आपल्याकडे असे कलम नियुक्तीपत्रात सर्रास असते आणि कोणी त्याला भीक घालत नाही. त्याला आधारही आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे, माणसाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द असतो. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम करू नका, हे न्यायालये मान्य करतात. नोकरी संपल्यानंतरची बंदी सहसा टिकत नाही. श्रीरामपूरचा झहीर खान आणि त्याच्या जाहिरातींचे व्यवहार पाहणारी कंपनी यांच्यातल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच सांगितले: करार संपल्यावरही त्याचे हात बांधू पाहणारे कलम लागू करता येणार नाही.

गंमत अशी की कलम २७ ची भाषा इंग्लंडची नाही. न्यूयॉर्कचे वकील डेव्हिड डडली फील्ड यांनी आपल्या राज्यासाठी तयार केलेल्या संहितेच्या मसुद्यातून ती उचलली गेली. न्यूयॉर्कने फील्ड यांची नागरी संहिता स्वीकारली नाही. कॅलिफोर्नियाने स्वीकारली, तीही १८७२ सालीच. म्हणून नॉन-कंपीटच्या बाबतीत मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को ही सख्खी भावंडे निघतात आणि न्यूयॉर्क परके. कॅलिफोर्नियात असा करार रद्दबातल असतोच, शिवाय २०२४ पासून तो दुसऱ्या राज्यात सही केलेला असला तरी तिथे चालत नाही. मिनेसोटाने १ जुलै २०२३ पासून केलेल्या करारांना हीच बंदी घातली. देशभर बंदी आणायचा केंद्रीय व्यापार आयोगाचा नियम एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाला, पण तो लागू होण्याआधीच ऑगस्टमध्ये टेक्ससच्या केंद्रीय न्यायालयाने रद्द केला आणि पुढच्या वर्षी आयोगाने अपीलही सोडून दिले. ‘आता अमेरिकेत नॉन-कंपीट बंद झालेत’ असे सांगणारे मित्र अजून भेटतात. त्यांनी एप्रिलची बातमी वाचली, ऑगस्टची राहून गेली.

आपली मुलगी कॅलिफोर्नियात नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये नॉन-कंपीट चालतो, फक्त १ ऑक्टोबर २०१८ पासून त्याला अटी आहेत, आणि त्या तारखा लावून तपासता येतात. करार लेखी हवा, दोघांच्या सह्या हव्यात, आणि वकिलाचा सल्ला घ्यायचा तुम्हाला हक्क आहे असे त्यात स्पष्ट लिहिलेले हवे. मुदत साधारणपणे बारा महिन्यांपेक्षा जास्त नको. कराराची प्रत औपचारिक ऑफरसोबत किंवा रुजू होण्याच्या दहा कामकाजी दिवस आधी, यांपैकी जे आधी असेल तेव्हा, मिळाली पाहिजे. समजा, ऑफर लेटर ५ मे रोजी आले, त्यात नॉन-कंपीटचा उल्लेखही नव्हता, आणि २८ मे रोजी ऑनबोर्डिंगच्या लिंकवर आरोग्य विम्याच्या अर्जांच्या गठ्ठ्यात तो करार सापडला. ऑफरसोबत आला नाही, आणि २ जूनच्या आधी दहा कामकाजी दिवसही उरले नाहीत. असा करार या कायद्यापुढे टिकायला अवघड आहे. म्हणून ईमेल पुसू नयेत; कोणता कागद कोणत्या तारखेला आला हे त्यांतूनच दाखवता येते.

आणखी दोन अटी जास्त मोलाच्या आहेत. ठोस कारणाशिवाय काढले किंवा कपातीत नोकरी गेली, तर त्या माणसावर नॉन-कंपीट लादता येत नाही. मर्जीने काढायचे आणि वर दुसरीकडे जाऊही द्यायचे नाही, हा दुहेरी फास या राज्याने सोडवला आहे. सगळ्या राज्यांनी नाही. दुसरी अट मोबदल्याची. बंदीच्या काळात कंपनीने आधीच्या दोन वर्षांतल्या सर्वांत जास्त मूळ पगाराच्या निदान निम्मा पगार द्यायचा, ज्याला ‘गार्डन लीव्ह’ म्हणतात. ९६,००० च्या पगारावर बारा महिन्यांचे ४८,००० डॉलर. मात्र कायद्यात पुढे ‘किंवा परस्परांनी मान्य केलेला दुसरा मोबदला’ अशी पळवाट आहे, आणि अनेक करार त्या वाटेनेच जातात. साइन-ऑन बोनस हाच त्याचा मोबदला, असे एखाद्या वाक्यात दडवलेले असू शकते. तसे असेल तर त्या दहा हजारांची खरी किंमत वेगळी आहे, हे सही करताना माहीत असावे.

पत्राच्या शेवटी टेक्सस किंवा डेलावेअरचा कायदा लागू राहील असे लिहिलेले असले, तरी नोकरी सुटण्याआधीचे निदान तीस दिवस मॅसॅच्युसेट्समध्ये राहत किंवा काम करत असलेल्या माणसाचे नॉन-कंपीटबाबतचे संरक्षण त्याने जात नाही. उलट, बोस्टनमध्ये सही करून घरून काम करायच्या परवानगीवर मैत्रिणींसोबत राहायला दुसऱ्या राज्यात गेले, तर संरक्षण मागे राहून जाऊ शकते. ग्राहक फोडू नका, सहकाऱ्यांना ओढू नका, गुपिते नेऊ नका, ही कलमे वेगळी. ती बहुतेक ठिकाणी चालतात आणि पाळायलाही फारशी जड नसतात.

हे सगळे वाचल्यावर कंपनीला काय लिहायचे? एकच छोटे ईमेल, मनुष्यबळ विभागाला, सही करण्यापूर्वी: विमा कोणत्या तारखेपासून, बोनस कोणत्या प्रसंगी आणि ग्रॉस की नेट परत करायचा, सही करायचे इतर सगळे करार आत्ताच पाठवाल का, आणि व्हिसाच्या अर्जाबाबत मुलाखतीत जे बोललो ते पत्रात घालाल का. प्रश्न विचारला म्हणून ऑफर काढून घेतील, ही धास्ती घरच्यांना असते. नम्रपणे विचारलेल्या चार प्रश्नांना त्या विभागात रोजचे काम समजतात आणि बहुधा दोन-तीन दिवसांत उत्तर येते.

त्यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त टाळला जातो. पत्राच्या तळाशी, सहीच्या जरा वर, ‘एन्टायर ॲग्रीमेंट’ नावाचे कलम असते. या पत्रात जे आहे तेवढाच करार, याआधीचे सगळे बोलणे रद्द, असे ते सांगते. फोनवर मॅनेजर म्हणालेला असतो की आम्ही पहिल्याच वर्षी तुमचा एच-वन-बी टाकतो, ग्रीन कार्डाचेही बघतो. तो खोटे बोलत नसतो. पण आठ महिन्यांनी तो स्वतःच दुसरीकडे गेलेला असतो, आणि त्याच्या जागी आलेल्या माणसापुढे फक्त पत्र असते.